वर्ग केल्यावर मोडणारा क्रम

आमच्या विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात एम.फिल.च्या तोंडी परीक्षेआधीच्या शनिवारी ‘खडाखडी’ व्हायची. कुस्तीत पैलवान पहिल्यांदा एकमेकांच्या मनगटांशी झोंबून अंदाज घेतात, त्यावरून विभागप्रमुखांनी हे नाव पाडलं होतं. उमेदवाराने फळ्यासमोर उभं राहायचं, आम्ही समोर बसून त्याला खोदून खोदून विचारायचं. खाण्याचं उमेदवाराने आणायचं आणि आम्ही ते खाऊनही त्याच्यावर दया दाखवायची नाही, हे दोन नियम. मी तेव्हा विभागात अधिव्याख्याता होते आणि परीक्षेची सगळी व्यवस्था माझ्याकडे असायची: बाहेरून येणाऱ्या परीक्षकांची अतिथिगृहातली खोली, त्यांचं पथ्यपाणी, खोलीतला फळा, ओला फडका, प्रबंधाच्या प्रती. मला कामं यादी करून उरकायला आवडतं. त्या वर्षीच्या यादीत शनिवारी दुपारपर्यंत फक्त एकच ओळ खोडायची राहिली होती. ती म्हणजे खडाखडी.

उमेदवार कबनूरचे होते. घरचे यंत्रमाग, पण हे मागाकडे न वळता शिकवण्याकडे वळलेले. सकाळी कनिष्ठ महाविद्यालयात गणित, दुपारी वरिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर संख्याशास्त्र. आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठे असूनही ते मला कटाक्षाने मॅडम म्हणत. त्यांच्या संस्थेने त्यांना सांगून ठेवलं होतं, की जूनच्या आत एम.फिल. झालं तर कायम नेमणूक, नाहीतर जागेची जाहिरात निघणार. तासिकेवर त्यांची इतकी वर्षं गेली होती, की त्यांच्याकडून शिकून गेलेली एक मुलगी दुसऱ्या कॉलेजात कायम झाली होती. हे ते स्वतःच हसत सांगायचे. त्यांची बायको मात्र हसत नसे, हेही तेच सांगायचे.

प्रबंधाचा विषय होता शेतावरच्या प्रयोगांच्या मांडणींची तुलना. उसाच्या चार-पाच जाती कुठल्या वाफ्यात कशा लावायच्या याच्या अनेक मांडण्या असतात. प्रत्येक मांडणीतून आकड्यांचा एक चौकोन तयार होतो, तो मॅट्रिक्स. एसटीच्या फलकावरच्या अंतरांच्या कोष्टकासारखा तो सममित असतो: कोडोलीहून कोल्हापूर जितकं, तितकंच कोल्हापूरहून कोडोली. आता दोन आकड्यांत मोठा कोणता हे पोरसुद्धा सांगतं. दोन चौकोनांत मोठा कोणता?

यासाठी आमच्याकडे एक रीत आहे. एकातून दुसरा वजा करायचा आणि उरलेल्या चौकोनाची परीक्षा घ्यायची. दोन ओळींचा चौकोन असेल तर कुठलेही दोन आकडे, क्ष आणि य, घ्यायचे. डावीकडच्या वरच्या घराला क्षच्या वर्गाने गुणायचं, उजवीकडच्या खालच्या घराला यच्या वर्गाने, उरलेल्या दोन घरांना क्ष गुणिले यने, आणि सगळ्याची बेरीज करायची. क्ष आणि य काहीही घेतले, ऋण घेतले तरी, बेरीज शून्याखाली कधीच गेली नाही तर तो चौकोन ‘पी.एस.डी.’, म्हणजे पॉझिटिव्ह सेमी-डेफिनिट, ठरतो, आणि पहिला मॅट्रिक्स दुसऱ्यापेक्षा मोठा किंवा बरोबरीचा मानायचा. मांडणीच्या बाबतीत मोठा म्हणजे जास्त माहिती देणारा.

या क्रमाची एक खोड मला पहिल्यापासून खुपायची. काही जोड्यांची तुलनाच होत नाही. एकाच्या कर्णावर, म्हणजे डाव्या वरच्या कोपऱ्यातून खाली उजवीकडे उतरणाऱ्या तिरक्या ओळीवर, दोन आणि एक, दुसऱ्याच्या कर्णावर एक आणि दोन, बाकी सगळीकडे शून्य. वजाबाकीत कर्णावर एक आणि उणे एक येतात. हाही मोठा नाही, तोही मोठा नाही आणि दोघं सारखेही नाहीत. सगळ्या गोष्टी एकाखाली एक लावणाऱ्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. घरी जावा-जावांच्या स्वयंपाकाबद्दल मत विचारलं गेलं की मात्र मला या क्रमाचा फार आधार वाटू लागला.

मास्तरांनी शनिवारी भडंगाची मोठी पिशवी आणि केळी आणली. पहिली दोन प्रकरणं त्यांनी घडाघडा सांगितली. दोन्ही बाजूंना एकच मॅट्रिक्स मिळवला तर क्रम टिकतो. मोठ्याच्या कर्णावरचा प्रत्येक आकडा लहानाच्या त्या जागच्या आकड्यापेक्षा कमी नसतो. दोघांचे व्यस्त, म्हणजे इन्व्हर्स, घेतले, अर्थात ते निघत असतील तर, तर क्रम उलटतो: माहिती वाढली की अनिश्चितता घटते. सगळं बरोबर होतं. विभागप्रमुख डोळे मिटून भडंग खात होते.

तिसऱ्या प्रकरणात मास्तर म्हणाले, “आता A हा B पेक्षा मोठा, दोन्ही पी.एस.डी., तर A चा वर्ग B च्या वर्गापेक्षा मोठा. हे उघड हाय.”

“उघड कसं?” मी विचारलं.

“मॅडम, धन आकड्यांत न्हाय का? तीन दोनपेक्षा मोठा, नऊ चारपेक्षा मोठा.”

“आकड्यांत आहे. मॅट्रिक्सचं विचारते.”

“मी तपासलंय की. कॅल्क्युलेटरवर बोटं झिजली. एक बी उदाहरण फसलं न्हाय.”

विभागप्रमुखांनी डोळे उघडले. “मास्तर, उदाहरणं कसली घेतली ती सांगा.”

मास्तरांनी फळ्यावर दोन-तीन लिहिली. कर्णावर सगळीकडे पाच, बाकी सगळीकडे दोन. कर्णावर सगळीकडे तीन, बाकी सगळीकडे एक. कर्णावर चार, बाकी उणे एक. मला लगेच काहीतरी टोचलं, पण काय ते कळेना. आमच्या विषयात असे चौकोन पदोपदी भेटतात. मांडणी संतुलित असली, म्हणजे कुठल्याही दोन जाती सारख्याच वेळा शेजारी आल्या, की मॅट्रिक्स असाच निघतो. आमच्यातल्या कुणालाही ‘एक उदाहरण द्या’ म्हटलं तर हात आपोआप असाच चौकोन लिहितो. मीही असाच लिहिला असता.

“वेगळा काहीतरी घ्या,” मी म्हटलं. “ओबडधोबड. वरच्या ओळीत दोन, एक. खालच्या ओळीत एक, एक. हा A. आणि B मध्ये वरच्या कोपऱ्यात एक, बाकी सगळे शून्य.”

मास्तरांनी वजाबाकी केली. चारी घरांत एक-एक. “क्ष अधिक य, त्याचा वर्ग. कधीच ऋण न्हाय. A मोठा. ठीक हाय.” मग त्यांनी A चा वर्ग काढला: वर पाच, तीन, खाली तीन, दोन. B चा वर्ग B च. वजा केल्यावर राहिले वर चार, तीन आणि खाली तीन, दोन. मास्तरांचा चेहरा खुलला. “बघा! सगळे आकडे धन हाईत की!”

“क्ष दोन घ्या,” मी म्हटलं, “आणि य उणे तीन.”

ते लिहू लागले. चार गुणिले चार, सोळा. मधल्या दोन घरांचे मिळून सहा गुणिले उणे सहा, उणे छत्तीस. दोन गुणिले नऊ, अठरा. सोळा आणि अठरा चौतीस. खडू थांबला. उणे दोन.

मास्तरांनी फडक्याने उणे दोन पुसलं, पुन्हा सगळं केलं, पुन्हा उणे दोनच आलं. घरातले सगळे आकडे धन असले म्हणून चौकोन पी.एस.डी. होत नाही, हे ते स्वतः वर्गात शिकवत होते.

“गेलं,” ते खुर्चीत बसत म्हणाले. “मॅडम, प्रती परीक्षकांना जाऊन महिना झाला. बांधलेल्या. सोनेरी अक्षरात.”

“गेलं काय गेलं?” विभागप्रमुख म्हणाले. “एक खांब पडला म्हणून मांडव पडला का, ते बघा आधी. आन् मार्गदर्शक म्हणून माझी सही हाय त्याच्यावर. मी बी त्या पानावरनं तसाच पुढं गेलतो. तेव्हा रडायचं असलं तर दोघं मिळून रडू.”

“सर, परीक्षक सोमवारी येणार. त्यांना न सांगताच...” मास्तर चाचरले.

“त्यांच्या ध्यानात आलं तर तुम्ही खोटं बोललात आणि न्हाय आलं तर तुम्ही जन्मभर खोटं शिकवणार. काय पायजे ते निवडा.” एवढं बोलून त्यांनी केळं सोललं. “उद्या सुट्टी हाय. दोघं बसा.”

रविवारी सकाळी विभाग उघडायला लावला. मास्तर माझ्या आधी येऊन पायरीवर बसले होते. रात्री झोपले नव्हते हे विचारायची गरज नव्हती. मी फळ्याचे दोन भाग केले. डावीकडे लिहिलं: उदाहरणं का फसली नाहीत? उजवीकडे: हे प्रमेय पुढे कुठे कुठे वापरलं आहे?

उजवी बाजू लवकर उरकली. आम्ही पान न् पान चाळलं. वर्गाचं प्रमेय फक्त चौथ्या प्रकरणात, एकाच जागी वापरलं होतं. बाकी सगळं व्यस्तांच्या जोरावर उभं होतं आणि ते पक्कं होतं. मास्तरांच्या घशाखाली थोडा चहा उतरला.

डाव्या बाजूला मास्तर आपल्या सवयीने अकरावीच्या वर्गातलं सूत्र लिहायला लागले. A चा वर्ग वजा B चा वर्ग, बरोबर कंसात A वजा B, गुणिले कंसात A अधिक B. मग कंस सोडवला आणि मध्येच अडकले. आकड्यांत AB आणि BA एकच, ते एकमेकांना खाऊन टाकतात. मॅट्रिक्समध्ये AB वेगळा, BA वेगळा. मध्ये AB वजा BA असं शेपूट उरलं.

“हेच ते,” मास्तर म्हणाले. “ही शेपटी.” मग त्यांनी आपली जुनी उदाहरणं घेतली, पाच-दोनवाला आणि तीन-एकवाला चौकोन. AB काढला, BA काढला. दोन्ही सारखे. ते खडू घेऊन मागे सरकले. “मॅडम, हे सगळे एकाच विणीचे. कसेबी गुणा, शेपूट येतच न्हाय. मी आख्ख्या बाजारात फिरलो म्हणतोय आन् एकाच दुकानात बसून होतो!”

“म्हणजे संतुलित मांडण्यांपुरतं तुमचं प्रमेय खरं आहे. AB आणि BA सारखे असतील तिथे वर्गाचा क्रम टिकतो. तेवढं लिहा.”

“पण चौथ्यात असंतुलित हाईत की.”

हे खरं होतं. मी चौथं प्रकरण पुन्हा वाचलं, या वेळी शेवटाकडून. त्यात मास्तरांनी दोन मांडण्यांसाठी एक मोजमाप बनवलं होतं: मॅट्रिक्सचा वर्ग करायचा आणि त्याच्या कर्णावरच्या आकड्यांची बेरीज घ्यायची. कर्णाच्या या बेरजेला ट्रेस म्हणतात. मोठ्या मॅट्रिक्सचं मोजमाप मोठं, एवढंच त्यांना हवं होतं.

“मास्तर, तुम्हाला शेवटी काय पाहिजे? वर्ग मोठा पाहिजे की वर्गाचा ट्रेस?”

“ट्रेस.”

“मग वर्ग कशाला ओढत आणलात? त्या सूत्राचा नुसता ट्रेस घ्या.”

ते पुन्हा फळ्याकडे वळले. AB आणि BA हे चौकोन वेगळे असतात, पण त्यांचा ट्रेस नेहमी एकच असतो. हे तर पहिल्या सत्रात शिकवतात. शेपटाचा ट्रेस शून्य! मास्तरांनी AB वजा BA वर अशी काट मारली की खडूचे दोन तुकडे झाले.

“ऱ्हायलं काय, तर A वजा B गुणिले A अधिक B, याचा ट्रेस. दोन्ही पी.एस.डी. दोन पी.एस.डी.च्या गुणाकाराचा ट्रेस ऋण होतो का?”

“सिद्ध करा.”

केलं त्यांनी. A अधिक B हा मॅट्रिक्स त्यांनी एकेका सदिशाच्या तुकड्यांत फोडला. प्रत्येक तुकड्यापाशी ट्रेस घेतला की नेमकी A वजा B ची तीच परीक्षा समोर येते, आणि ती बेरीज ऋण होत नाही हे तर आधीच दिलेलं. मग माझ्या ओबडधोबड उदाहरणावर ताळा केला. A च्या वर्गाचा ट्रेस सात, B च्या वर्गाचा एक. फरक सहा. दुसऱ्या बाजूने गुणाकार करून ट्रेस काढला, सहा. ज्या जोडीने शनिवारी त्यांना आडवं केलं होतं, तीच जोडी आता त्यांच्या बाजूने साक्ष देत होती.

“निष्कर्ष खरा, रस्ता खोटा,” मास्तर म्हणाले.

“शुद्धिपत्रकात असंच लिहू नका,” मी म्हटलं. “कुठल्या पानावर काय चुकलं, उलट उदाहरण, संतुलित मांडणीपुरतं खरं विधान आणि नवी सिद्धता. एवढंच.”

दुपारी त्यांनी ते सुवाच्य अक्षरात लिहिलं. प्रयोगशाळेतल्या संगणकाला ग्रीक अक्षरं छापता येत नसत, त्यामुळे हातानेच.

सोमवारी परीक्षक आले. दुसऱ्या विद्यापीठातले, निवृत्तीला आलेले, हळू बोलणारे गृहस्थ. हळू बोलणाऱ्या परीक्षकांची मला जास्त धास्ती वाटते. चहा झाल्यावर ते म्हणाले, “करा सुरुवात.” मास्तरांनी प्रबंध न उघडता शुद्धिपत्रक त्यांच्यापुढे ठेवलं.

“सर, तिसऱ्या प्रकरणातलं शेवटचं प्रमेय चुकीचं आहे. आधी ते सांगतो.” परक्या माणसापुढे मास्तर पुस्तकी बोलायचे.

परीक्षकांनी चष्मा बदलला. शुद्धिपत्रक वाचलं, प्रबंधातलं पान काढलं, पुन्हा शुद्धिपत्रक. मग खिशातून पेन काढून स्वतः एका कागदावर गुणाकार करू लागले. बराच वेळ गेला. विभागप्रमुख पंख्याकडे पाहत होते. मास्तरांच्या शर्टावर पाठीकडून घामाचा डाग पसरत होता आणि मी आपलं पाण्याचा तांब्या भरलेला आहे ना, हे दुसऱ्यांदा बघितलं.

“या पानावर,” परीक्षक शेवटी म्हणाले, “मी पेन्सिलीने बरोबरची खूण केली आहे.” त्यांनी प्रत फिरवून दाखवली. खरंच खूण होती. “आता ती कुणाची चूक धरायची?”

विभागप्रमुख म्हणाले, “तिघांत वाटून घेऊ, सर. माझी सही, तुमची खूण, यांचं प्रमेय.”

परीक्षक हसले नाहीत, पण त्यांनी रबर मागितलं आणि खूण खोडली. मग प्रश्न सुरू झाले. आकडे सगळे धन असून पी.एस.डी. कसा नाही? मास्तरांनी दोन आणि उणे तीन घातले. उलट दाखवा, ऋण आकडे असून पी.एस.डी.? मास्तरांनी कर्णावर एक-एक आणि बाजूला उणे एक-एक लिहिले: क्ष वजा यचा वर्ग, कधीच ऋण नाही. इतकी उदाहरणं तपासलीत, एकही फसलं नाही, असं का?

“सर, सगळी एकाच विणीची होती. एकाच मागावरचं कापड कितीही वार मोजलं तरी दुसऱ्या विणीबद्दल काय कळणार?”

“कापडाचा धंदा आहे का तुमचा?”

“घरचा आहे, सर. मी त्यातला दोष काढण्याच्या कामाचा पण नाही, असं घरचे म्हणतात.”

आता मात्र परीक्षक हसले. “बरं, वर्ग करून क्रम मोडतो. वर्गमूळ घेतलं तर?”

मास्तरांनी खडू उचलला. फळ्याकडे वळले, दोन मॅट्रिक्स लिहिले, थांबले. मला उत्तर माहीत होतं, वर्गमुळात क्रम टिकतो, पण माझं तोंड बंद असणं हाच नियम होता.

“माहीत नाही, सर. टिकेल असं वाटतं. पण शनिवारपर्यंत मला वर्गाचंही तसंच वाटत होतं.”

“टिकतो,” परीक्षक म्हणाले. “सिद्धता तुम्ही काढा. मला पोस्टाने पाठवा.” आणि ते विभागप्रमुखांकडे वळले. “यांना जरा बाहेर बसवा.”

बाहेरच्या बाकावर मी मास्तरांशेजारी बसले. आतून आवाज येत नव्हता. थोड्या वेळाने दार उघडून विभागप्रमुख आले आणि आपल्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, “मास्तर, पास. प्रत्येक प्रतीत शुद्धिपत्रक चिकटवल्याशिवाय पेपर पुढं जाणार न्हाईत. चला, चिकटवा!”

मास्तर उठले आणि परीक्षकांना नमस्कार करायला आत गेले. बाहेर आले ते थेट फाटकाकडे निघाले. फाटकाजवळ एसटीडी बूथ होतं. मलाही अतिथिगृहाकडे परीक्षकांच्या जेवणाचं बघायला जायचं होतं, म्हणून मी त्याच रस्त्याने चालले होते. बूथचं दार उघडंच होतं. पलीकडे माग चालू असणार, कारण मास्तर घसा ताणून ओरडत होते.

“पास! पास म्हणतोय! अगं माग बंद कर की आधी! ... व्हय, झालं. ... व्हय, जूनच्या आत. ... न्हाय, चूक हुती त्यात. मोठी हुती. ... न्हाय, त्यांनी न्हाय काढली, मीच सांगितली.”

मग ते बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. मी जवळून जाताना त्यांनी फोनवर हात ठेवला.

“मॅडम, बायको म्हणतीया, आपणहून चूक सांगून पास झालासा, मग एवढी वर्षं बरोबर सांगून काय करत हुतासा?” आणि पुन्हा फोनमध्ये ओरडले, “अगं, कायम! कायम झालो! रडतीस कशाला, माग चालू कर!”